'प्रशस्त' का 'आटोपशीर'? जुन्या फ्लॅटच्या जाहिरातीतले शब्द

प्रश्न: "आमचा दर्यापूरचा 1994 चा टू बीएचके फ्लॅट विकायचा हाय. दुसरा मजला, वर गच्ची, लिफ्ट नाही. 'प्रशस्त, हवेशीर' लिहिलं तर मलेच खोटं वाटते, अन् 'जुना, साधा' लिहिलं तर कोणी फोन करत नाही. मंग लिहू काय?"

दादा, आधी 'प्रशस्त'चंच पाहू. संस्कृतात प्रशस्त म्हणजे ज्याची स्तुती झाली आहे तो, प्रशंसा अन् प्रशस्ती हे त्याच घरातले शब्द. मराठीत येता येता त्याचा अर्थ मोठा, मोकळा असा झाला, पण मूळचा तो स्तुतीचाच शब्द, मापाचा नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे मात्र 'प्रशस्त' म्हटलं की जुन्या वाड्याची बैठक उभी राहते. माझा मावसभाऊ असंच 'प्रशस्त' वाचून अमरावतीहून एसटीनं फ्लॅट पाहायला गेला, भरउन्हात, मे महिन्यात, अन् दार उघडलं तर दिवाण अन् सोफा एकाच भिंतीला लावायचा म्हटलं तरी जागा नाही. फ्लॅट वाईट नव्हता हो, चांगला होता, पण त्यानं पुढचं काही नीट पाहिलंच नाही, कारण दारातच त्याचा विश्वास उडाला होता.

तुमच्या फ्लॅटला मला 'आटोपशीर' बसतो असं वाटते. यात लहानपण कबूल आहे, पण त्यासोबत सगळं हाताशी आहे, झाडझूड पटकन होते, वाया गेलेली जागा नाही हेही आलं. 'सुटसुटीत' त्याचा भाऊ वाटला तरी वेगळा आहे, त्यात मांडणी मोकळी असायला पाहिजे. गॅलरीत जायला जर बेडरूममधूनच जावं लागत असेल तर तो फ्लॅट आटोपशीर असू शकतो, सुटसुटीत नाही. अन् 'ऐसपैस' हा शब्द एखाद्या खोलीला खरंच लागू पडत असेल तर त्या एका खोलीपुरताच वापरा, अख्ख्या फ्लॅटला नका लावू.

पण विशेषणापेक्षा आकडा जास्त काम करते, अन् इथंच जुन्या फ्लॅटच्या जाहिराती सगळ्यात जास्त घसरतात. जुन्या खरेदीखतात बहुतेक सुपर बिल्ट-अप लिहिलेलं असते, म्हणजे त्यात जिना, व्हरांडा यांचाही हिस्सा धरलेला. समजा तुमच्या खतात 650 चौरस फूट आहे अन् तुम्ही जाहिरातीत नुसतं '650 चौ. फूट' लिहिलं, तर आकडा कागदावरचा असूनही वाचणारा फसतोच, कारण तो ते कार्पेट, म्हणजे घरात खरोखर वापरता येणारी जागा, समजून चालतो. म्हणून एक दिवस टेप घेऊन बसा. हॉल 10 बाय 14 म्हणजे 140, किचन 8 बाय 9 म्हणजे 72, बेडरूम 10 बाय 11 अन् 9 बाय 10 म्हणजे 110 अन् 90, बाथरूम-संडास-पॅसेज मिळून 68, असे 480 झाले, त्यात खोल्यांमधल्या भिंती धरायच्या, त्या साधारण 20, झाले 500. 2016 च्या रेरा कायद्यात कार्पेटची जी व्याख्या आहे त्यात आतल्या भिंती येतात, बाहेरच्या भिंती अन् फ्लॅटची स्वतःची गॅलरी येत नाही, म्हणून 4 बाय 10 ची गॅलरी 40 फूट वेगळी लिहायची. तुमचा जुना फ्लॅट आहे, रेरात नोंदणीचा प्रश्न नाही, पण माप सांगायला ही व्याख्या चांगली, कारण नवीन फ्लॅट पाहून आलेला माणूस त्याच मापानं तुलना करते.

आता 'जुना'. हा शब्द संस्कृत जूर्ण, मग प्राकृत जुण्ण असा आला, अन् जूर्ण-जीर्ण एकाच मुळाचे, म्हणून त्यात झिजल्याचा वास राहतोच, अन् 'जुनाट' म्हटलं की आजारपणच आठवते. लपवायचं नाही, पण नुसतं 'जुना' लिहून भागतही नाही, कारण वाचणारा मनातल्या मनात 50 वर्षं धरून मोकळा होतो. '1994 चं बांधकाम' लिहा. वय कळलं, भीती गेली. तसंच 'नूतनीकरण केलेला' हे तेव्हाच, जेव्हा नळाचे पाइप, वायरिंग, फरशी असं काही बदललं असेल. नुसता रंग दिला असेल तर 'रंग दिला आहे' लिहा, त्यात कमीपणा काऊन वाटून घ्यायचा?

सगळ्यात जास्त जपायचं ते खरं असून फसवणाऱ्या वाक्यांना. दर्यापूरचंच घ्या. 'रेल्वे स्टेशनजवळ' हे अंतरानं खरं असेलही, पण इथली शकुंतला रेल्वे कित्येक वर्षं बंद आहे, त्या स्टेशनावर गाडीच येत नाही तर जवळ असून उपयोग काय? त्याऐवजी 'एसटी स्टँडपासून पायी 7 मिनिटं' लिहा अन् ती मिनिटं स्वतः घड्याळ लावून मोजा, 'हाकेच्या अंतरावर' नको. दुसरं पाण्याचं. आपला भाग खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं, तर '24 तास बोअरचं पाणी' हे अर्धंच सांगणं झालं, बाहेरगावच्या माणसाला ते प्यायचं पाणी वाटते. नळ किती दिवसाआड येते अन् टाकी किती लिटरची, हे सोबत लिहिलं की वाक्य पूर्ण होते.

'हवेशीर'लाही असंच खोलायचं. खिडक्या समोरासमोर असतील तर तसं लिहा, कारण आपल्याकडं उन्हाळ्यात कूलरची हवा बाहेर निघायला समोरची खिडकी लागतेच, नाहीतर घरात नुसता दमटपणा होते, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. वर गच्ची म्हणजे स्लॅब तापते, तेही लिहा.

अन् दोषाचा शब्द नेमका पाहिजे. पावसाळ्यात छतातून पाणी ठिपकत असेल तर ती गळती, भिंत फक्त दमट होऊन पोपडे येत असतील तर ती ओल. ओलीला गळती म्हटलं तर माणूस उगाच घाबरते, गळतीला ओल म्हटलं तर ते सरळ खोटं. 'किरकोळ' हा शब्द दोघांनाही लावू नका, तो ठरवायचा हक्क घेणाऱ्याचा. 'पण'ची जागाही पाहा, मराठीत 'पण'च्या नंतरचं मनात राहते, म्हणून 'जिना रुंद आहे पण लिफ्ट नाही' याच्यापेक्षा 'लिफ्ट नाही, पण जिना रुंद आहे' बरं. दोन्हीत गोष्टी त्याच, लपलं काहीच नाही.

मी असं लिहिलं असतं, आकडे अन् तपशील तुमचे टाका:

"दर्यापूर, एसटी स्टँडपासून पायी 7 मिनिटं. आटोपशीर टू बीएचके, 1994 चं बांधकाम. कार्पेट 500 चौ. फूट, गॅलरी 40 चौ. फूट वेगळी, खतात सुपर बिल्ट-अप 650. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पण जिना रुंद आहे. हॉल अन् बेडरूमच्या खिडक्या समोरासमोर, कूलरचं स्टँड लावलेलं. वर गच्ची असल्यानं मे महिन्यात स्लॅब तापते. बाथरूममागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, दाखवू. नळ तीन दिवसाआड, टाकी 1000 लिटर, बोअरचं पाणी खारं, फक्त वापरायला. आखीव पत्रिका अन् कर पावती पाहायला मिळेल."

यातलं 'दाखवू' काढू नका. जो माणूस ती ओल वाचून तरी फोन करते, तो खरंच घ्यायला आलेला असते, अन् भाव करताना ओलीवरून तुमचे पैसे अचानक पाडू शकत नाही, कारण ती त्याला आधीच माहीत होती.