पाच लाखांचे अकरा लाख, पण दर किती?

परभणी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

एजंटनं तुला सुचवलेल्या विमा पॉलिसीचं बेनिफिट इलस्ट्रेशन, म्हणजे किती भरून किती मिळेल ते दाखवणारा कागद, त्याचे तू पाठवलेले फोटो पाहिले. वर्षाला ५०,००० रुपये, दहा वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी ११ लाख मिळणार. एजंटनं तुला हिशोब असा सांगितला: भरले पाच लाख, नफा सहा लाख, भागिले वीस वर्षं, म्हणजे सहा टक्के. वर तोच म्हणाला की कागदावर आठ टक्के छापलंय. हे दोन्ही आकडे तुझ्या पैशाचा दर नाहीत. का नाहीत ते समजून घे, कारण वीस वर्षांचा करार आहे.

आधी सहा टक्के. एजंटनं सरळव्याजाचा हिशोब केला, आणि तोही पाच लाख पहिल्याच दिवशी भरल्यासारखा. तुझा पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं. सरासरी साडेपंधरा वर्षं. तेवढ्या काळात पाचाचे अकरा, म्हणजे २.२ पट. बँकेत आम्ही ७२ ला वर्षांनी भागून दुपटीचा दर काढायचो: ७२ भागिले १५.५ म्हणजे साधारण ४.६ टक्के. तुझे दुपटीपेक्षा थोडे जास्त होतात, म्हणून दर पाचच्या जरा वर. इतका अंदाज कागद-पेनावर निघतो.

नेमका दर एक्सेलमध्ये काढ. A1 ते A10 मध्ये प्रत्येकी -50000 लिही, A11 ते A20 मध्ये 0, आणि A21 मध्ये 1100000. मग खाली:

```
=IRR(A1:A21)
```

उत्तर येतं ५.१५ टक्क्यांच्या आसपास. एक जपायचं: हप्ते नसलेल्या दहा वर्षांत शून्य टाईप करायचंच. ते चौकोन रिकामे सोडलेस तर एक्सेल ती वर्षं मोजतच नाही, आणि तीच पॉलिसी १४ टक्के देताना दिसते. कोणी तयार तक्ता दाखवला आणि दर एवढा मोठा निघाला, तर आधी हेच तपास.

आता आठ टक्के. इलस्ट्रेशनवर ४ आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. कंपनीच्या फंडानं गुंतवणुकीवर तेवढं कमावलं तर काय होईल, एवढंच ते सांगतात. त्या कमाईतून एजंटचं कमिशन, कंपनीचा खर्च आणि तुझ्या जीवाच्या जोखमीची किंमत वजा होते, मग उरलेलं तुझ्याकडे येतं. तुझ्या हप्त्यांवर खरोखर आठ टक्के सुटले असते तर विसाव्या वर्षी जवळपास १६ लाख ८९ हजार व्हायला हवे होते. कागदावर ११ आहेत. हा फरक कुठं गेला, ते एजंटला विचारच.

त्यातही हे ११ लाख आठच्या रकान्यातले, आणि तो रकाना म्हणजे हमी नव्हे. तुझ्या फोटोत डावीकडे हमीची मुदतपूर्ती रक्कम आहे ५ लाख, म्हणजे भरलेले तेवढेच परत, शून्य टक्के. त्यावरचं सगळं बोनसवर अवलंबून. चारच्या रकान्यात साडेसात लाख आहेत. A21 मध्ये तो आकडा टाकलास तर दर सव्वादोन ते पावणेतीनच्या मधे, २.६ टक्क्यांजवळ येतो. एजंटनं तुला फक्त उजवीकडचा रकाना दाखवला, याचा मला राग आला.

विम्याचं संरक्षण मिळतं हे खरं, आणि त्याला किंमत असते. पण तुझ्या कागदावर विमा रक्कम ५ लाख आहे. तुझ्या पगारावर आई-वडील आणि धाकटी बहीण अवलंबून असताना ५ लाखांत किती महिने निघतील, ते तूच मोज. संरक्षण हवं असेल तर शुद्ध टर्म विम्याचं, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याचं, कोटेशन वेगळं माग, मग दोन्ही कागद शेजारी ठेव.

आणखी एक, आपल्या भागातलं. पॉलिसी जूनमध्ये सुरू केलीस तर दर वर्षी हप्ता जूनमध्येच येणार, म्हणजे घरी बियाणं-खताला पैसे लागतात तेव्हा. पाऊस लांबला तर तुझ्या पगारातून घरी पैसे जाणार. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, त्यापुढं पॉलिसी बंद पडू शकते. म्हणून सरेंडर व्हॅल्यूचा, म्हणजे पॉलिसी मधेच सोडली तर मिळणाऱ्या रकमेचा, रकाना तिसऱ्या आणि पाचव्या वर्षासमोर वाच, आणि तोवर भरलेल्या रकमेशी ताडून बघ.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लूकचे, म्हणजे वाचून पटली नाही तर परत करण्याचे असतात. तेवढ्यात कंपनीला लेखी अर्ज दिलास तर तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे, वैद्यकीय तपासणी आणि स्टँप ड्युटी कापून हप्ता परत मिळतो. पॉलिसी घेतलीस तर ती कुठल्या तारखेला मिळाली ते पाकिटावर त्याच दिवशी लिहून ठेव. त्याआधी एक्सेलचा तक्ता भरून मला पाठव. सही करायची की नाही, ते त्यानंतर फोनवर बोलू.

तुझा,
काका