गोधडीच्या रीलमध्ये काय दाखवायचं

ताई, लातूरच्या गोधड्या विकायच्या म्हणून तू सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं सगळं काम पळवून दाखवतेस. त्यात वेग दिसतो, बाई दिसत नाही. त्यापेक्षा तिचा एकच निर्णय दाखव.

समजा मावशी जुन्या लुगड्याचे थर अंथरून कच्चे टाके घालतायत. विरलेला भाग त्या आत घेतात आणि धड कापड वर ठेवतात. तेवढंच तीस-चाळीस सेकंद घे. सकाळी दाराजवळ बसव, म्हणजे उजेड बाजूने येतो आणि धावदोऱ्याचे टाके उठून दिसतात. समोरून उजेड पडला तर कापड सपाट दिसतं. पहिल्याच क्षणी हात आणि सुई दिसू दे. गाणं लावू नकोस, दोरा ओढल्याचा आवाज राहू दे. मग विचार, "हा तुकडा आत का घेतला?" उत्तर त्यांच्याच बोलीत ठेव, प्रमाण भाषेत दुरुस्त करू नकोस.

चित्रीकरणाआधी परवानगी घे. चेहरा नको म्हणाल्या तर हात पुरेत. गळकं छप्पर, रडका प्रसंग दाखवून विकू नकोस. लोक दयेने एकदा घेतात, परत येत नाहीत. कापड बाजारातून आणलं असेल तर तसंच सांग, आजीच्या लुगड्याची गोष्ट रचू नकोस.

नुसतं "छान" आलं तर व्हिडिओ वरवर गेला असं समज. "माझ्या आईच्या साड्यांची करून द्याल का?" असं कुणी विचारलं, की तो पोचला.