मधला माणूस काढल्यावर भोक बुजवू नका, अर्धा फोटो सरकवा

प्रश्न : ग्रुप फोटोतून एका माणसाला काढायचंय. काढल्यावर मधे मोकळी जागा दिसते. बॅकग्राउंड सलग राहून बाकीचे जवळजवळ कसे दिसतील? मोबाईलवर होईल का?

मोबाईलवर करायच्या भानगडीत पडू नका. माणूस पुसणं हे काम नाहीच. तो गेल्यावर उरलेले लोक एकमेकांपासून लांब उभे दिसतात, आणि घरात येणारा प्रत्येकजण विचारतो, "इथं कोण होतं?"

अंबाजोगाईला आमचा स्टुडिओ आहे. एका घरातला साखरपुड्याचा फोटो आला होता. सोयरीक पुढं मोडली. मधल्या काळात आजी वारल्या, आणि त्यांचा शेवटचा नीट फोटो तेवढाच. आजी खुर्चीवर, उजव्या बाजूला. काढायचा तो मुलगा डावीकडून तिसरा, त्याचा हात मुलीच्या भावाच्या खांद्यावर. मागं मंडपाचा चुण्यांचा पडदा, खाली पट्ट्यांची सतरंजी.

माझा मेहुणा तेव्हा दुकानात बसायचा. म्हणाला, "भाऊजी, एवढं काय करायलाव? फोटोशॉपचं Content-Aware Fill मारा, दोन मिनिटांचं काम." मारलं त्यानं. मुलगा गेला, पण मुलगी आणि भावाच्या मधे दार उघडं राहावं तशी जागा, आणि पडद्याच्या चुण्या विरघळलेल्या.

मी काय केलं ते सांगतो. फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा. मुलीच्या कडेपासून भावाच्या कडेपर्यंत अंतर 610. बाकीच्यांच्या मधे साधारण 50-60. म्हणजे उजवा सगळा भाग, आजींसकट, 550 च्या आसपास डावीकडं यायला हवा. पण मनाला येईल तेवढं सरकवलं तर पडद्याची चुणी मधेच तुटते. एका चुणीपासून दुसरीपर्यंत मोजलं, 140 भरले. चार चुण्या म्हणजे 560. तेवढंच सरकवलं, मधे 50 उरले. वरची झालर उजवीकडं जराशी उतरत होती, म्हणून तो भाग 11 पिक्सेल वरही घेतला.

जोड लपवायचा तो चुणीच्या खोल सावलीत. Layer Mask वर ब्रश कडक ठेवा. मऊ ब्रशनं दोन चुण्या एकमेकींत मिसळून धूसर दिसतात, आणि चोरी तिथंच पकडली जाते. फ्लॅशचा उजेड कडेला कमी पडतो, त्यामुळं सरकवलेला पडदा काळपट दिसतो. त्या लेयरपुरता Curves लावून जोडाजवळ थोडा उजळ करायचा. मग फोटो आडवा उलटा करून लांबून बघायचं. नजर सरावलेली असली तरी उलट्या फोटोत जोड लगेच खटकतो.

खरी गोम सतरंजीत. पडदा कॅमेऱ्यासमोर सपाट असतो, म्हणून एकाच मापानं सरकतो. सतरंजीचे पट्टे मागं अरुंद आणि पुढं रुंद असतात. पडद्याच्या पायाशी पट्टे जुळले तरी पुढच्या काठावर जुळत नाहीत. म्हणून सरकवलेल्या भागातली जमीन Ctrl+Shift+J नं वेगळ्या लेयरवर घेतली आणि Edit > Transform > Skew करून वरची कड तशीच ठेवत खालची कड डावीकडं ओढली, पट्टा पट्ट्याला भिडेपर्यंत. पाय आणि त्यांच्या सावल्या वरच्या लेयरवर ठेवायच्या, नाहीतर चपला वाकड्या होतात. उजव्या खालच्या कोपऱ्यात त्रिकोणी जागा रिकामी राहते. तिथं काय तो क्लोन स्टॅम्प.

खांद्यावरची बोटं राहिली. दुसरा खांदा उलटा करून चिकटवायचा सल्ला सगळे देतात. देऊ द्या. उजेड एकीकडून येत असेल तर उलटा खांदा लगेच ओळखू येतो. त्याच बाहीचं बोटांखालचं कापड वर आणलं आणि शिवणीची रेघ जुळवून घेतली.

मेहुणा म्हणतो, Content-Aware Scale असताना हे कशाला? 2008 पासून फोटोशॉपमध्ये आहे ते, मलाही माहीत आहे. ते कमी महत्त्वाच्या वाटणाऱ्या पिक्सेलच्या नागमोडी रेघा काढत फोटो अरुंद करतं. मोकळं आभाळ, शेत असेल तर जमतं. चुण्यांवर चालवलं तर काही चुण्या बारीक होतात, काही तशाच राहतात, आणि चेहरे आधी राखून ठेवले नाहीत तर आजींचा गालही बसतो.

फोटोची रुंदी आता 5440 झाली. त्यांची फ्रेम 12 बाय 8 ची आधीच घेतलेली, म्हणून उंचीतून साधारण 370 पिक्सेल कापावे लागले, बरेचसे वरच्या मंडपातून. तुमच्या फोटोत खुर्च्यांची पुढची रांग असेल तर ती आधी वेगळ्या लेयरवर घ्या, नाहीतर पुढच्या माणसाचं डोकं अर्धं कापलं जाईल. आणि मूळ फाईल जपून ठेवा, सोयरीक परत जुळल्याचंही आमच्याकडं झालेलं आहे. कोर्टकचेरीत दाखवायचा फोटो असेल तर मात्र हात लावू नका.

मेहुण्यानं आता स्वतःचं दुकान टाकलंय. दोन मिनिटांत करून देतो.