पिव्होट शून्य नसूनही उत्तर का चुकते?

प्रश्न: ठाण्यात अभियांत्रिकीला आहे. ट्रॅपिझॉइडल नियमाचा प्रोग्राम बरोबर चालतो. गाउस निरसनात मात्र पिव्होट शून्य नसतानाही उत्तर चुकते. का?

पिव्होट शून्य नसला तरी अतिशय लहान असेल, तर गुणक प्रचंड होतो आणि त्याच्या भाराखाली खालच्या ओळीतली मूळ माहिती पूर्णांकनात पुसली जाते. `1e-20*x + y = 1` आणि `x + y = 2` ही जोडी `double` मध्ये सोडवून पाहावी. गुणक `1e20` येतो, दुसऱ्या ओळीतले `1 - 1e20` आणि `2 - 1e20` हे दोन्ही `-1e20` म्हणूनच साठवले जातात, आणि त्यामुळे `y = 1`, `x = 0` मिळते; खरे उत्तर दोन्हींसाठी जवळपास 1 आहे. पहिले समीकरण या चुकीच्या उत्तरानेही जुळते, म्हणून उत्तर मूळ सर्व समीकरणांत घालून तपासावे. प्रत्येक टप्प्यावर स्तंभातला सर्वांत मोठा घटक असा निवडावा:

```c
for (i = k+1; i < n; i++)
  if (fabs(a[i][k]) > fabs(a[p][k])) p = i;
```

शोधाआधी `p = k` ठेवावे आणि ओळी बदलताना `b` सुद्धा बदलावा. प्रयोगशाळेत प्रोग्राम तपासताना मला हीच चूक सर्वाधिक दिसते. ट्रॅपिझॉइडलमध्ये सर्व भार धन असल्याने असा स्फोट होत नाही. मात्र वरच्या जोडीतली पहिली ओळ `1e20` ने गुणली, तर दोन्ही पिव्होट 1 दिसतात, अदलाबदल होत नाही आणि `x` पुन्हा 0 येतो; तेव्हा तुलनेपूर्वी प्रत्येक घटकाला त्याच्या ओळीतल्या सर्वांत मोठ्या सहगुणकाने भागावे लागते.