लेक्सिओ डिव्हिनाच्या चार पायऱ्या नक्की कशा करायच्या? एखादं उदाहरण द्याल का?

लेक्सिओ डिव्हिना म्हणजे बायबलचं संथ, प्रार्थनापूर्वक वाचन, त्यासाठी एकच छोटं वचन घ्या आणि वाचन, मनन, प्रार्थना, मग नुसतं शांत बसणं या क्रमाने जा. हा क्रम 12व्या शतकातल्या दुसऱ्या गिगो नावाच्या कार्थुसियन मठवासीने लिहून ठेवलाय. स्तोत्र 23 ची पहिलीच ओळ बघा, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." हळू, ओठ हलवत दोन-तीनदा वाचा, समजा "उणे"वर अडकलात तर पुढे जाऊच नका, तोच शब्द घोळवा, मला आत्ता कशाचं उणं वाटतंय? पैसा, तब्येत, जे येईल ते देवाला सरळ सांगा, मग बोलणं थांबवा. लक्ष भरकटलं की परत "उणे". फक्त शेवटची पायरी जोर लावून येत नाही, आणि संदर्भ-बिंदर्भ शोधायला लागलात तर तो अभ्यास झाला, तो वेगळ्या वेळी करा.