पैसे कटले, पण तिकडं गेलेच नाहीत

छत्रपती संभाजीनगर

प्रिय मित्रा,

पेमेंट ॲपच्या सपोर्टमधल्या नोकरीसाठीचा तुझा अर्ज काल रात्री दोनदा वाचला. पहिल्या परिच्छेदात 'ग्राहकसेवेचा चार वर्षांचा अनुभव', 'मेहनती', 'दडपणाखाली काम करण्याची सवय' असं बरंच आहे. ते सगळं काढ. भरतीच्या दिवसांत असे अर्ज मी ढिगाने वाचलेत आणि त्यांतला एकही माणूस आज मला आठवत नाही. तुझ्याकडे सांगण्यासारखं खरंच काहीतरी आहे. फोन ठेवता ठेवता तू त्या मोंढ्यातल्या बप्पांची गोष्ट सांगितलीस. अर्जात तिचा पत्ताच नाही!

तुला ती किरकोळ वाटली असेल, म्हणून इथे पुन्हा मांडतो. सोमवार, दारापर्यंत रांग. बप्पा बँकेत तुझ्या कॅश काउंटरवर आले ते ना स्लिप, ना पासबुक, नुसता मोबाइल घेऊन. "साहेब, पैसे कटले की ओ, पण दुकानदार म्हणायलाय आलेच नाहीत." खताचे 1,850 रुपये होते. तू हातातली गड्डी बाजूला ठेवलीस, मोबाइल काचेला टेकवायला सांगितलास आणि स्क्रीन वाचलीस: पेंडिंग. मग विचारलंस, "क्यूआर दुकानाच्या नावाचा होता का मालकाच्या?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "पुन्हा पाठवलेत का?"

हे दोन प्रश्न कुठल्याही पेमेंट ॲपच्या सपोर्टमध्ये नव्या माणसाला शिकवावे लागतात. तू ते रांगेसमोर उभं राहून शिकलास.

पहिल्या प्रश्नामागचा नियम तुला अंदाजाने माहीत होता, आता नीट माहीत असू दे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये फसलेल्या व्यवहारांच्या मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने एका माणसाने दुसऱ्याला पैसे पाठवले, खात्यातून वजा झाले पण समोर जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानाला दिलेले असतील आणि दुकानाकडे पुष्टी पोचली नसेल, तर मुदत पाच दिवसांची. मुदत उलटली की दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागायची वाट न बघता. म्हणजे तक्रार एकच, 'पैसे कटले', पण मुदती दोन. आपल्याकडे निम्म्या टपऱ्यांवर मालकाचा स्वतःचा क्यूआर चिकटवलेला असतो. फलकावर दुकान आणि क्यूआरवर माणूस, हे पुण्यात बसून ॲप घडवणाऱ्या प्रॉडक्टवाल्याला सहसा दिसत नाही. तुला रोज दिसतं.

दुसरा प्रश्न तर त्याहून मोलाचा. बप्पांनी दुकानदाराच्या तगाद्याने पुन्हा 1,850 पाठवले होते, आणि संध्याकाळी पहिलाही व्यवहार पूर्ण झाला. आता दोन्ही यशस्वी. यशस्वी व्यवहार आपोआप परत येत नाही. पैसे दुकानदाराकडे आहेत आणि त्यानेच परत करायचे. पेंडिंग म्हणजे 'गेले नाहीत' नव्हे, 'अजून ठरलं नाही', एवढं एक वाक्य त्या स्क्रीनवर मोठ्या मराठी अक्षरांत असतं, तर बप्पांची फेरी वाचली असती. अर्जात नेमकं हेच वाक्य हवं: काउंटरवरच्या त्रासातून प्रॉडक्टला काय बदलावं लागेल ते.

या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका पेमेंट कंपनीत सपोर्टला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका बाईंना मी छातीठोकपणे सांगितलं, "आजच्या आज येतील." व्यवहार दुकानाचा होता. दुसऱ्या दिवसापासून रोज त्यांचा फोन, आणि दर वेळी आवाज वाढलेला. त्यांचा राग पैशापेक्षा माझ्या 'आजच्या आज'वर जास्त होता. तेव्हापासून आधी तारीख काढायची आणि मग तोंड उघडायचं, ही सवय लागली. तू बप्पांना "शनिवारपर्यंत थांबा, नाही आले तर हा बारा अंकी नंबर घेऊन या" म्हणालास आणि स्लिपच्या मागे नंबर लिहून दिलास. ते अर्जात जसंच्या तसं येऊ दे.

हा माझा मसुदा. तुझ्या शब्दांत बदल, फक्त लांबवू नकोस:

"मी लातूर जिल्ह्यातल्या एका शाखेत चार वर्षं कॅशियर होतो. यूपीआयच्या तक्रारी हे माझं नेमून दिलेलं काम नव्हतं, पण ग्राहक आधी काउंटरवरच यायचे. 'पैसे कटले, समोर गेले नाहीत' म्हणणाऱ्याकडून मी आधी व्यवहाराची स्थिती, मग क्यूआर दुकानाचा की व्यक्तीचा, आणि पुन्हा पैसे पाठवलेत का, हे विचारून घेत असे. त्यावरून परतीची तारीख सांगून संदर्भ क्रमांक लिहून देत असे. पेंडिंग दिसताच ग्राहक घाबरून दुसऱ्यांदा पैसे पाठवतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. त्या स्क्रीनवर 'पुन्हा पाठवू नका' ही सूचना आणि परतीची तारीख मराठीत असावी असं मला वाटतं. तुमच्या सपोर्टमध्ये अशा तक्रारी मी पहिल्या संभाषणातच नीट वेगळ्या करू शकेन."

'नेमून दिलेलं काम नव्हतं' हे मी मुद्दाम घातलंय. तू व्यवहार उलटवलास, दुसऱ्या बँकेचं खातं पाहिलंस, असा भास झाला तर मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडा पडशील. 'पुन्हा पुन्हा' ऐवजी आकडा टाकायचा मोहही होईल. वही ठेवली नव्हतीस ना? मग आकडा नको.

कॅश टॅलीचा मोठा परिच्छेद आहे, तो दोन ओळींवर आण. संध्याकाळी 500 रुपये कमी आले की दिवसभराच्या स्लिपा उलट्या क्रमाने लावून चूक शोधायची, एवढं पुरे. सपोर्टवाल्याला व्यवहाराचा माग काढता येतो, हे त्यातून कळतं. नोटा किती वेगाने मोजतोस ते तिथे कुणी विचारणार नाही.

बँक का सोडलीस, याला एक सरळ वाक्य दे. शाखेतल्या साहेबांबद्दलचं रडगाणं मला सांगितलंस तेवढं बास. आणि 'मराठी, हिंदी येते' असं तळाशी टाकलंयस, ते वर आण. 'आलेच नाहीत म्हणायलाय' हे ज्याला पहिल्या फटक्यात कळतं आणि जो त्यावर हसत नाही, असा माणूस त्यांना मराठवाड्यातल्या ग्राहकांसाठी लागणारच.

मुलाखतीत बहुतेक एक खोटा चॅट देतील. चिडलेला ग्राहक स्वतःहून पिन किंवा ओटीपी टाइप करून पाठवेल. तिथे मदतीच्या भरात पुढे जाऊ नकोस. आधी त्याला पिन बदलायला सांग, मग तक्रारीकडे वळ.

पाठवण्याआधी एकदा शोधून बघ: बप्पांचं नाव, गाव, दुकान, खाते क्रमांक, त्या स्क्रीनचा फोटो, यातलं काहीही अर्जात राहिलेलं नको. गुरुवारपर्यंत दुसरा मसुदा धाड. शुक्रवारी मी गावी आहे, तिथे रेंज नसते.

तुझा,
काका