काकू सांगते एक, दिसतं भलतंच

*मॅडम, मी कराडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा द्यायची आहे, म्हणून दहा मिनिटांच्या लघुपटाची पटकथा लिहिली. ती सोबत जोडली आहे. आजीच्या तेराव्याला काकू नातेवाइकांना सांगते, की मी सासूबाईंचं सगळं केलं. तिचा आवाज चालू राहतो आणि वर फ्लॅशबॅक दिसतात. खरं तर तिने आजीला नीट सांभाळलेलं नसतं. शेवटी तिची मुलगी सगळ्यांसमोर उभी राहून खरं काय ते बोलते. एका मित्राने वाचून म्हटलं, ‘फसवल्यासारखं वाटलं.’ मैत्रीण म्हणाली, ‘काकू खोटारडी आहे हे लगेच कळतं.’ कोणाचं ऐकू? आणि मला लिहायचंच असेल, तर दिग्दर्शनाला जायची गरज आहे का?*

दोघांचंही ऐक. दोघांनी एकाच दोषावर वेगवेगळ्या पानांवर बोट ठेवलंय. तुझ्या दुसऱ्या पानावर काकू म्हणते, ‘मी त्यांना भरवायचे,’ आणि आपल्याला ती हसत हसत भरवताना दिसते. हे घडलेलंच नाही, असं नवव्या पानावर मुलगी सांगते. मित्र तिथे चिडला. चौथ्या पानावर काकू म्हणते, ‘चहा मीच द्यायचे,’ आणि ती चहा मोरीत ओतताना दिसते. मैत्रिणीने तिथे निकाल लावून टाकला. म्हणजे एका पानावर कॅमेरा काकूच्या बाजूने खोटी साक्ष देतो आणि दुसऱ्या पानावर तिच्या विरोधात ओरडून साक्ष देतो. कॅमेरा नक्की कोणाचा, हे तू अजून ठरवलेलं नाहीस.

हा घोळ मोठमोठ्यांनी घातलाय. हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये, १९५० सालच्या, सुरुवातीलाच एक पात्र काय घडलं ते सांगतं आणि आपल्याला ते घडताना दिसतं. शेवटी कळतं की ती हकीकत खोटी होती. बऱ्याच प्रेक्षकांना ते खटकलं, आणि पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना हिचकॉकने स्वतःच कबूल केलं की हे करायला नको होतं. कारण साधं आहे. माणूस खोटं बोलू शकतो हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, पण डोळ्यांनी पाहिलेल्यावर तो विश्वास ठेवून बसतो. त्याच वर्षीच्या कुरोसावाच्या ‘राशोमोन’मध्येही फ्लॅशबॅक खोटे असू शकतात, पण तिथे कोणी फसवल्याची तक्रार करत नाही. एकाच घटनेच्या चार जणांच्या चार हकिकती येतात. दुसरी हकीकत पहिलीशी जुळत नाही म्हटल्यावर, दिसतंय ते त्या त्या माणसाचं म्हणणं आहे, हा करार प्रेक्षकाला समजतो.

तुझ्याकडे एकच निवेदक आणि दहाच मिनिटं. त्यामुळे माझा सल्ला स्पष्ट आहे: चित्र काकूला देऊ नकोस. आवाज तिचा, चित्र सिनेमाचं. आणि हे प्रेक्षकाला न सांगता कळवायची एक जुनी, बिनचूक युक्ती आहे. काकू खोलीतून बाहेर गेली तरी कॅमेरा आत राहू दे. जिथे ती हजर नाही ते दृश्य तिची आठवण असूच शकत नाही. पहिल्या दोन मिनिटांत असं एकदा घडलं, की पुढे प्रत्येक फ्लॅशबॅक प्रेक्षक स्वतःच्या डोळ्यांनी पाहू लागतो.

आता तो चहाच घेऊ. मोरीत ओतलेला चहा वाक्याच्या थेट उलट आहे. थेट उलट चित्र लगेच आलं की हसू येतं, आणि कधी तेच हवं असतं. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) मध्ये नट डॉन लॉकवूड रेडिओवर आपल्या प्रतिष्ठित बालपणाची टिमकी वाजवतो, आणि पडद्यावर मात्र तो बिलियर्डच्या अड्ड्यात नाचून पैसे कमावताना आणि फालतू कार्यक्रमांत प्रेक्षकांच्या शिव्या खाताना दिसतो. वाक्य आधी, चित्र लगेच नंतर, आणि थिएटर हसतं. तुला तेराव्यात हसू नकोय. तेव्हा मी हे दृश्य असं लिहीन:

> दृश्य ३. आजींची खोली. अंतर्गत. सकाळ.
>
> काकू आत येते, वाफाळता कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते, पडदा सारते, बाहेर जाते. कॅमेरा खोलीतच.
>
> काकू (व्हॉइस-ओव्हर): सासूबाईंना चहा माझ्याच हातचा लागायचा. आणि गरम.
>
> आजी कुशीवर वळतात. हात लांब करतात. बोटं कट्ट्याच्या कडेपर्यंत पोचतात. कप चार बोटं पुढे आहे. हात परत पांघरुणात.
>
> शांतता. कपावर साय धरलेली.
>
> काकू (व्हॉइस-ओव्हर): जरा निवला, की हातच लावायच्या नाहीत.

शेवटचं वाक्य पुन्हा वाच. ते खरं आहे. आजींनी निवलेल्या चहाला खरोखरच हात लावलेला नाही. काकूने शब्दही खोटा उच्चारलेला नाही. कदाचित तिला स्वतःलाही वाटत असेल की म्हातारीचे नखरे होते. ज्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही असा निवेदक लिहिताना सुरुवातीला सगळे खोटी वाक्यं शोधत बसतात. खरी वाक्यं शोधावीत, ज्यांचा अर्थ चित्रामुळे पालटेल. खोटं वाक्य पकडलं गेलं की संपलं. असं खरं वाक्य प्रेक्षक घरी घेऊन जातो.

यात क्रम फार महत्त्वाचा आहे. ‘हातच लावायच्या नाहीत’ हे वाक्य हात मागे गेल्यावर येतं. हात पुढे जात असताना टाकलंस तर कोणाला ऐकूच येणार नाही. डोळा काहीतरी उलगडण्याची वाट पाहत असला की कान बंद होतो. आधी चित्र पुरं होऊ दे, क्षणभर रिकामं सोड, मग वाक्य. आणि वाक्यं मोजून लिही. सावकाश बोलणारी बाई सेकंदाला साधारण दोन शब्द बोलते. वरची दोन्ही वाक्यं मिळून तेरा शब्द आहेत, म्हणजे सहा-सात सेकंद. दृश्य निदान तीस-पस्तीस सेकंदांचं. तुझ्या मूळ चौथ्या पानावर काकू एका दमात साठ-सत्तर शब्द बोलते. म्हणजे प्रेक्षकाला पाहायला वेळच नाही. एका माहितीपटाचं निवेदन लिहिताना मीही हाच गाढवपणा केला होता. प्रत्येक शॉट शब्दांनी गच्च भरलेला. संकलकाने माझी निम्मी वाक्यं काढली आणि मला आधी वाटलं, याला भाषा कळत नाही.

दुसरी गोष्ट मला तुझ्या पटकथेत अजिबात सापडली नाही. काकू हे सगळं कोणाला सांगतेय? ‘नातेवाइकांना’ हे उत्तर पुरेसं नाही. पुण्याहून आलेले मोठे दीर समोर बसलेत, वर्षातून दोनदा आजींना फोन करणारे, आणि आता घराची वाटणी त्यांच्या तोंडून निघणार आहे, असं धर. मग ती काय फुगवून सांगेल आणि काय गिळेल, हे आपोआप ठरतं. आणि गिळलेलं जास्त कामाचं असतं. म्हणून एक दृश्य असं लिही, ज्यावर तिचा आवाजच नाही. रात्रीचे दोन. आजींनी अंथरूण ओलं केलंय. काकू एकटी त्यांना कुशीवर वळवते, खालची चादर ओढून काढते, मेणकापड पुसते, कोरडी चादर घालते, आजींच्या पाठीला पावडर लावते. नवरा शेजारच्या खोलीत घोरतोय. हे तिने खरोखर केलंय, आणि हेच ती दिरासमोर सांगू शकत नाही, कारण चारचौघांत, त्यातून मोठ्या दिरापुढे, असलं बोलायचं नसतं. ती न प्यायलेल्या चहाचं श्रेय घेते आणि खऱ्या कष्टाचं सोडून देते. बोलण्यात आणि चित्रात अंतर दोन्ही बाजूंनी पडलं, की मैत्रिणीला चौथ्या पानावर निकाल देता येणार नाही.

आता मुलीचं भाषण. ते काढ. चित्रांनी काम केलं असेल तर ते लागत नाही, आणि केलं नसेल तर ते वाचवू शकत नाही. तेरावं आटोपल्यावर ती खोली आवरते असं दाखव. खिडकीच्या कट्ट्यावर कपाच्या बुडाचे गोल डाग आहेत, एकावर एक कितीतरी, सगळे एकाच जागी. ती पलंगावर बसते, कुशीवर वळून हात लांब करते. बाहेरून काकूचा आवाज येतो, ‘चहा घेतेस का गं?’ ती काय उत्तर देते हे तू ठरव. मी असते तर ‘हो’ म्हणायला लावलं असतं.

हे जमलं की नाही, हे मित्रांना कागद वाचायला देऊन कळणार नाही. कागदावर चित्र आणि आवाज दोन्ही शब्दच असतात, त्यामुळे वाचणारा दोन्हीला सारखंच वजन देतो. त्यापेक्षा घरातल्याच कोणाला उभं करून मोबाइलवर तीन दृश्यं शूट कर. काकूची वाक्यं वेगळी रेकॉर्ड कर. एकाला फक्त आवाज ऐकव, दुसऱ्याला आवाज बंद करून चित्र दाखव, आणि दोघांना काय घडलं ते सांगायला लाव. दोघांनी एकच गोष्ट सांगितली तर तुझं निवेदन चित्राची नक्कल करतंय. दोन गोष्टी इतक्या वेगळ्या निघाल्या की बाई तीच आहे हेही कळेना, तर अंतर जास्त झालं. मग तिसऱ्याला दोन्ही एकत्र दाखव. ‘निवला की’च्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे बघ, पडद्याकडे नको.

दिग्दर्शनाबद्दल. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये दिग्दर्शन आणि पटकथालेखन असा एकत्र तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि पटकथालेखनाचा वेगळाही आहे. दोन्हींना पदवी लागते, तेव्हा शेवटच्या वर्षाच्या निकालाबाबतची अट त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहा. तुला सेटवर माणसं हाकायची हौस नसेल तर लेखनाला जा. पण एक तपासून बघ: ती तीन दृश्यं शूट केल्यावर मोबाइलवरच जोड आणि काकूचं वाक्य दोन-दोन सेकंद पुढेमागे सरकवत बस. दोन तास गेलेले कळले नाहीत तर एकत्र अभ्यासक्रमाचा अर्ज भर, कारण असा निवेदक निम्मा संकलनाच्या टेबलावर लिहिला जातो आणि नुसत्या लेखकाला तिथे क्वचित बोलावतात. कंटाळा आला, आणि वाक्यच बदलावंसं वाटलं, तर लेखनाचा.

नवी पटकथा पाठवशील तेव्हा कप पलंगापासून किती लांब आहे ते दृश्यात लिहून पाठव. पहिल्या खर्ड्यात ते नव्हतं.